लेबल कॅमेऱ्याकडे कुणी वळवलं?

«मी मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सिनेमात एखादी गाडी, फोन किंवा शीतपेय ठळक दिसलं की सगळे म्हणतात, 'याचे पैसे घेतलेत.' हे व्यवहार नेमके कसे ठरतात? वस्तू सहज आली आहे की करार करून, हे प्रेक्षकाला ओळखता येतं का? मला याच क्षेत्रात काम करायचं आहे. सुरुवात कुठून करू?»

'पैसे घेतलेत' हे पुष्कळदा अर्धंच खरं असतं. अनेक व्यवहारांत रोख रक्कम मिळतच नाही. ब्रँड आपली गाडी, फोन किंवा कपडे शूटिंगसाठी फुकट देतो, आणि निर्मात्याचा भाड्याचा किंवा खरेदीचा खर्च वाचतो. काही ठिकाणी ठरलेली फी मिळते. मोठ्या सिनेमांना खरा रस असतो तो तिसऱ्या प्रकारात. ब्रँड स्वतःच्या जाहिरातींतून सिनेमाची प्रसिद्धी करतो आणि तो खर्च स्वतः उचलतो. १९८२ च्या 'ई.टी.' या परग्रहवासीयाच्या सिनेमात हर्शे कंपनीच्या 'रीसेस पीसेस' या गोळ्या दिसतात. आधी मार्स कंपनीला तिच्या एम अँड एम्सबद्दल विचारलं होतं, तिने नकार दिला. हर्शेने पडद्यावर दिसण्यासाठी फी दिली नाही. सिनेमाशी जोडून आपल्या गोळ्यांची जाहिरात करण्यासाठी दहा लाख डॉलर खर्च करायचं मान्य केलं. निर्मात्याला आयती प्रसिद्धी मिळाली आणि हर्शेला त्या परग्रहवासीयाची ओळख.

व्यवहाराची सुरुवात स्क्रिप्टपासून होते, तीही शूटिंगच्या कितीतरी आधी. ब्रँडच्या वस्तू सिनेमात आणून देणाऱ्या प्लेसमेंट एजन्सीतला माणूस स्क्रिप्ट वाचतो आणि प्रत्येक सीनची नोंद करतो: जागा कोणती, पात्र कोण, त्याच्या हातात काय, टेबलावर काय. यालाच स्क्रिप्ट ब्रेकडाउन म्हणतात. ही यादी घेऊन तो ब्रँडकडे जातो. ब्रँडचे प्रश्न ठरलेले असतात. वस्तू कोण वापरणार, नायक की खलनायक? ती बिघडणार, फुटणार, कुणाला इजा करणार का? नुसती मागे दिसणार, हातात असणार की संवादात नाव येणार? जसजशी वस्तू कथेत आत शिरते, तसतशी तिची किंमत वाढते. त्याच सिनेमात प्रतिस्पर्धी ब्रँड दिसणार नाही, अशी अटही घातली जाते.

एवढं ठरूनही व्यवहार कुठे फसतो, हे नीट समजून घे. या क्षेत्रातलं खरं शिक्षण तिथे आहे. १९९६ च्या 'जेरी मग्वायर' मध्ये रॉड टिडवेल नावाचा फुटबॉलपटू आहे. रीबॉक आपल्याला विचारत नाही याचा त्याला राग आहे आणि तो त्या ब्रँडला शिवी हासडतो. रीबॉकने या सिनेमासाठी माल आणि प्रसिद्धीच्या रूपात सुमारे पंधरा लाख डॉलरचा पाठिंबा दिला होता. मग स्वतःची नालस्ती कशी चालली? कारण शेवटी रॉडला घेऊन केलेली रीबॉकची जाहिरात दाखवायची असं ठरलं होतं. म्हणजे राग आधी आणि समेट नंतर, अशी ती रचना होती. प्रत्यक्षात अंतिम संकलनात ती जाहिरात कापली गेली. शिवी तेवढी राहिली. रीबॉक कोर्टात गेली आणि प्रकरण पुढे तडजोडीने मिटलं. नंतर टीव्हीवर दाखवलेल्या आवृत्तीत ती जाहिरात परत आली.

इथे एक गोष्ट लक्षात घे. करार निर्मात्याशी किंवा स्टुडिओशी होतो, पण सीन राहणार की जाणार हे एडिट टेबलवर ठरतं. दिग्दर्शकाला गती हवी असते, आणि ब्रँडला हवा असलेला सीन नेमका गती अडवणारा निघू शकतो. म्हणून जाणकार माणूस 'दाखवू' एवढ्यावर थांबत नाही. पैसे टप्प्याटप्प्याने देतो, शेवटचा हप्ता अंतिम प्रतीत सीन असल्यावरच. सीन गेला तर काय मिळणार, फी परत की दुसऱ्या सीनमध्ये जागा, हे आधीच लिहून घेतो. 'जेरी मग्वायर' सारख्या ठिकाणी तर विचारायलाच हवं, की टीका आणि समेट वेगवेगळे कापता येतील का? येत असतील तर धोका मोठा आहे.

आता ओळखायचं कसं. नुसता लोगो दिसला म्हणून निष्कर्ष काढू नकोस. २०१२ च्या 'फ्लाइट' मध्ये मद्यपी वैमानिकाच्या हातात बडवायझर स्पष्ट दिसते, पण तिच्या उत्पादकाने परवानगी दिली नव्हती. उलट आपला लोगो धूसर करा किंवा काढून टाका, असं स्टुडिओला सांगितलं. २००० सालचा 'कास्ट अवे' फेडएक्सने भरलेला आहे, तरीही त्या कंपनीने दिसण्यासाठी पैसे दिले नव्हते. चित्रीकरणाला सहकार्य केलं आणि तिचे प्रमुख फ्रेड स्मिथ स्वतःच्याच भूमिकेत पडद्यावर आले.

माझ्या मते सगळ्यांत उपयोगी खूण उलट दिशेने शोधायची असते. परवानगी नसलेल्या वस्तूंची लेबलं आर्ट डिपार्टमेंट सहसा झाकतं, वळवतं, खरवडतं किंवा खोटी बनवतं. स्वयंपाकघराचा एखादा सीन थांबवून बघ. फडताळातले डबे कोरे आहेत, तेलाच्या बाटलीचं नाव भिंतीकडे आहे, कागदी पिशवी बनावट ब्रँडची आहे. आणि त्याच ओट्यावर एकाच बाटलीचं लेबल सरळ कॅमेऱ्यासमोर आहे, त्यावर उजेडही नीट पडलाय. मग पात्र ती कशी धरतं ते बघ. माणूस सहज बाटली उचलतो तेव्हा बोटं लेबलवर येतात. इथे ती गळ्याशी किंवा तळाशी असतील, तर कुणीतरी सांगितलेलं आहे. संवादात पात्राने वस्तूचा गुण सांगितला, आणि तो सांगायची कथेत कुणालाच गरज नव्हती, तर शंका आणखी पक्की होते.

कोण काय वापरत नाही, हेही बोलकं असतं. दिग्दर्शक रायन जॉन्सन यांनी २०२० मध्ये सांगितलं होतं, की अ‍ॅपल सिनेमात आयफोन वापरू देते, पण खलनायकाच्या हातात तो दिसलेला तिला चालत नाही. शेवटी श्रेयनामावली वाच. आभारात ब्रँडचं नाव असू शकतं. प्रदर्शनाच्या सुमारास त्याच ब्रँडच्या जाहिरातीत सिनेमाची दृश्यं दिसली, तर करार होता हे जवळजवळ नक्की समज. श्रेयनामावलीतलं एकटं नाव मात्र फुकट मिळालेल्या सामानाबद्दलचंही असू शकतं. ब्रिटनमध्ये टीव्हीवर २०११ पासून करार करून वस्तू दाखवणाऱ्या कार्यक्रमांत 'P' हे चिन्ह दाखवतात. थिएटरातल्या सिनेमात तशी खूण नसते, तिथे नजरेवरच भिस्त.

कामाच्या जागा मुख्यतः तीन ठिकाणी आहेत: प्लेसमेंट एजन्सी, ब्रँडचा मार्केटिंग विभाग, आणि निर्मितीसंस्थेत परवानग्या मिळवणारं क्लिअरन्सचं काम. नवख्याने शेवटच्या कामातून आत यावं असं मला वाटतं. रोज करार वाचायला मिळतात, आर्ट डिपार्टमेंटशी ओळख होते आणि ब्रँड कशाला बिचकतात हे कळतं. नुसतं 'मला सिनेमाची आवड आहे' म्हणून मुलाखतीला जाऊ नकोस. एखादी प्रकाशित पटकथा घे आणि तिच्या दहा सीनचं ब्रेकडाउन कर. त्यातला एक सीन निवडून एका पानाचा प्रस्ताव लिही: कोणता ब्रँड, तो कोणत्या पात्राकडे, किती ठळक, बदल्यात रोख की माल की प्रसिद्धी. आणि त्याच पानावर हेही लिही, की दिग्दर्शकाने तो सीन कापला तर ब्रँडला तू काय देणार आहेस. मुलाखतीत बहुधा त्याच ओळीवर सगळ्यांत जास्त प्रश्न येतील.