चुन्याच्या कुटुंबाचा तक्ता कसा मांडायचा

प्रश्न: "दहावीच्या रसायनासाठी उजळणीचा तक्ता करतेय. चुनखडी, चुनकळी, विरलेला चुना, चुन्याची निवळी, पीओपी सगळं एकमेकांत मिसळतं आणि सूत्रं उलटसुलट होतात. हे कसं मांडू? मी नागपूरची आहे."

मी नागपुरातच नववी-दहावीला विज्ञान शिकवते, आणि दरवर्षी उत्तरपत्रिकांत हाच घोळ पाहते. तक्ता धड्यांच्या क्रमाने लिहू नकोस. एकापासून दुसरं कसं तयार होतं, त्या क्रमाने लिही. चुनखडी भट्टीत भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुनकळी उरते. चुनकळीवर पाणी घातलं की विरलेला चुना. तोच चुना भिंतीला फासला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन काही दिवसांत पुन्हा CaCO₃ होतो, म्हणून सफेदी नंतर घट्ट आणि चकचकीत दिसते. हे वर्तुळ एकदा डोक्यात बसलं की पहिली तीन सूत्रं पाठ करावी लागत नाहीत.

| नाव | सूत्र | ओळख | वापर | गुण कुठे जातात |
|---|---|---|---|---|
| चुनखडी, संगमरवर | CaCO₃ | आम्लात फसफसते | सिमेंट, बांधकाम | सल्फ्युरिक आम्ल निवडणे |
| चुनकळी (कळीचा चुना) | CaO | पाण्यात प्रचंड उष्णता | विरलेला चुना करणे | Ca(OH)₂ लिहिणे |
| विरलेला चुना | Ca(OH)₂ | आम्लारिधर्मी, पाण्यात थोडाच विरघळतो | सफेदी, पान | "विरल" समजणे |
| विरंजक चूर्ण | CaOCl₂ | क्लोरीनचा वास | पाण्याचं निर्जंतुकीकरण | चुनकळीपासून करणे |
| जिप्सम | CaSO₄·2H₂O | मऊ खनिज | पीओपी, सिमेंट | स्फटिकजल विसरणे |
| पीओपी | CaSO₄·½H₂O | पाण्यात कालवल्यावर घट्ट होते | मूर्ती, प्लास्टर | ½ चा अर्थ |

शेवटचा रकाना माझ्या मते सगळ्यात कामाचा, पण तो माझा उतरवून घेऊ नकोस. सराव परीक्षेत तुझा गुण जिथे गेला ते तिथे लिही.

आता शब्द. "विरलेला" चुना म्हणजे पाणी घालून विरवलेला, फुलून भुगा झालेला. "विरल" आम्ल म्हणजे पाणी मिसळून सौम्य केलेलं. या दोन शब्दांच्या सारखेपणामुळे मुलं विरलेला चुना म्हणजे चुन्याचं पातळ द्रावण असं लिहितात. ते द्रावण म्हणजे निवळी. पानठेल्यावरून हरभऱ्याएवढा चुना आण, पेलाभर पाण्यात ढवळ आणि तासभर ठेव. खाली गाळ बसतो, वर जे नितळ पाणी निवळतं ती चुन्याची निवळी. लिटरभर पाण्यात दीड-पावणेदोन ग्रॅमच चुना विरघळतो, म्हणून गाळ राहणारच. सूत्र दोन्हीकडे Ca(OH)₂ हेच. चुना हाताळताना डोळे जप, डोळ्यात गेला तर तो फार वाईट इजा करतो.

निवळीवरच सगळ्यात जास्त गुण जातात. कार्बन डायऑक्साइड सोडला की निवळी दुधाळ होते, हे सगळ्यांना येतं. प्रश्न पुढे जातो: वायू आणखी सोडत राहिलो तर? गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलीने लिहिलं, "आणखी दुधाळ होते." चूक. दुधाळपणा नाहीसा होतो, कारण न विरघळणारा CaCO₃ जास्तीच्या वायूमुळे विरघळणारा Ca(HCO₃)₂ होतो:

CaCO₃ + H₂O + CO₂ → Ca(HCO₃)₂

हे द्रावण उकळलं तर पुन्हा दुधाळ होतं. तिचं म्हणणं होतं, "मॅडम, मी घरी नळीने खूप वेळ फुंकलं, काहीच नितळ झालं नाही." तिने पाहिलं ते खरं होतं. श्वासात बाहेर पडणाऱ्या हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ४ टक्के असतो. तेवढ्यात निवळी दुधाळ होते, पण एवढा सगळा अवक्षेप विरघळत नाही. शुद्ध वायूनेही पूर्ण ताकदीची निवळी साफ नितळ होत नाही, कारण त्यात अवक्षेपच फार बनतो.

म्हणून आम्ही नंतर असं केलं: निवळीच्या एका भागात चार भाग पाणी मिसळलं, संगमरवराच्या तुकड्यांवर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं आणि त्यातून निघणारा वायू सावकाश सोडत राहिलो. आधी दुधाळ, मग काही मिनिटांनी द्रावणामागे धरलेल्या पुस्तकाची अक्षरं पुन्हा दिसू लागली. त्या मुलीच्या डोक्यातून हे आता जाणार नाही.

तिथेच एक मुलगा म्हणाला की सल्फ्युरिक आम्ल जास्त तीव्र, मग ते का नाही? करून पाहिलं. सुरुवातीला बुडबुडे आले आणि मग मंदावत थांबले. संगमरवर आणि सल्फ्युरिक आम्ल मिळून कॅल्शिअम सल्फेट होतं, ते पाण्यात फार थोडं विरघळतं आणि तुकड्यावर थर धरून बसतं. आत CaCO₃ शिल्लक असूनही आम्ल तिथे पोहोचत नाही. तक्त्यात पहिल्या ओळीला जो सापळा लिहिला आहे तो हा.

त्याच थरातून जिप्समकडे वळता येतं, कारण जिप्सम म्हणजे पाणी धरलेलं कॅल्शिअम सल्फेटच. जिप्सम सुमारे १२० अंश सेल्सिअसला तापवलं की दोनपैकी दीड रेणू पाणी निघून जातं आणि पीओपी उरते. अर्धा रेणू पाणी कसा असेल, हा प्रश्न तू विचारलाच पाहिजेस. अर्धा रेणू नसतोच. दोन CaSO₄ मिळून एक पाण्याचा रेणू धरतात, एवढाच ½ चा अर्थ. समीकरण दुपटीने लिहिलं की अपूर्णांक जातो:

2(CaSO₄·2H₂O) → (CaSO₄)₂·H₂O + 3H₂O

पाणी मोजून बघ: डावीकडे चार, उजवीकडे एक आणि तीन. वस्तुमानानेही जुळतं: १७२ ग्रॅम जिप्समपासून १४५ ग्रॅम पीओपी आणि २७ ग्रॅम पाणी. २०० अंशांच्या वर फार तापवलं तर सगळंच पाणी जातं, आणि असं "मेलेलं" प्लास्टर पाण्यात कालवलं तरी नीट घट्ट होत नाही. "तापमान का सांभाळावं लागतं?" याचं उत्तर हेच.

घट्ट होताना उलटी क्रिया होते, पीओपी पाणी घेऊन पुन्हा जिप्सम होते. महालात चितारओळीत गेलीस तर कालवलेलं पीओपी साच्यात भरल्यावर हात लावून बघ, थोडं कोमट लागतं. मुलं लिहितात, "पाणी उडून गेल्यामुळे मूर्ती घट्ट होते." नाही, पाणी आत बांधलं जातं. आणि जे तयार होतं ते जिप्सम लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं, म्हणून पीओपीची मूर्ती विसर्जनानंतरही तळाशी तशीच पडून राहते. मातीची मूर्तीही विरघळत नाही बरं का, तिचे कण सुटे होऊन विखुरतात. उत्तरात "विरघळते" लिहू नकोस.

विरंजक चूर्णाचं एवढंच लक्षात ठेव: कोरड्या विरलेल्या चुन्यावर क्लोरीन सोडायचा, निवळीत नाही. डबा उघडा राहिला की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे क्लोरीन सुटतो आणि मागे राहतो तो पुन्हा CaCO₃.