कोअरचे दुसरे अर्थिंग: आधी काय पाहावे

तुमच्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात विरघळलेल्या गॅसच्या अहवालात इथिलीन सर्वाधिक, त्यामागोमाग मिथेन, ॲसिटिलीन नगण्य आणि कार्बन मोनॉक्साइड स्थिर आहे. म्हणजे वाइंडिंगवरचा इन्सुलेशनचा कागद नव्हे, तर उघड्या धातूलगतचे तेल तापते आहे. कोअर एकाच ठिकाणी अर्थ केलेला असतो. सुटा नट किंवा गाळ यांमुळे तो टाकीला दुसरीकडे टेकला, तर बंद वेटोळे तयार होते, त्यातून मुख्य चुंबकीय फ्लक्स जातो आणि प्रवाह फिरू लागतो.

शिरोलीतील एका फाउंड्रीत आम्ही गॅस पाहून टॅपचेंजर उघडला आणि दोन दिवस वाया घालवले. नवशिक्यांची नेहमीची चूक हीच! भार निम्मा करूनही गॅस त्याच वेगाने वाढत होते, हा इशारा आम्ही दुर्लक्षिला. फ्लक्स व्होल्टेजवर ठरतो, भारावर नव्हे.

म्हणून बाहेर काढलेल्या कोअर अर्थच्या पट्टीवर आधी क्लॅम्प मीटर लावा. निरोगी कोअरमध्ये प्रवाह मिलिॲम्पिअरमध्ये असतो; आम्हाला काही ॲम्पिअर मिळाले. मात्र दुसरा स्पर्श पट्टीजवळच असेल, तर मीटर फसवू शकतो. खात्रीसाठी ट्रान्सफॉर्मर बंद करून, अर्थ करून, मगच त्या पट्टीची लिंक सोडा आणि कोअर व टाकी यांच्यात मेगर लावा. चालू स्थितीत ती लिंक कधीही उघडू नका.