आमच्या फॅमिली रेस्टॉरंटमध्ये नवीन मुलगा वेटर म्हणून येतोय, अनुभव शून्य. पहिल्या आठवड्यात त्याला काय काय शिकवायचं?

मी अकरा वर्षं कॅप्टन म्हणून काम करतोय, त्यावरून सांगतो. पहिले तीन दिवस त्याच्या हातात ऑर्डरचं पॅड देऊ नका.

पहिल्या दिवशी आधी वैद्यकीय तपासणीचा कागद फाईलला लावा. एफएसएसएआयच्या नियमांनुसार अन्न हाताळणाऱ्याची वर्षातून एकदा तपासणी लागतेच. मग टेबल नंबर पाठ करून घ्या, आणि त्यासोबत खुर्चीचे नंबरही. आमच्याकडे दरवाज्याकडे पाठ असलेली खुर्ची एक नंबर, तिथून पुढे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला फक्त पाणी देऊ द्या, वाढू द्या आणि उष्टी भांडी उचलू द्या. ग्लास तळाशी धरायचा, प्लेट कडेने, अंगठा आत जाता कामा नये. भांड्यातून ताटात वाढायचं ते डावीकडून. पाणी उजवीकडून, प्लेट उचलायची तीही उजवीकडूनच. भिंतीला लागून बसलेल्या माणसाच्या तोंडासमोरून हात मात्र कधीच न्यायचा नाही, तिथे नियम सोडून मोकळ्या बाजूने वाढायचं. आणि सगळ्यांचं जेवण होईपर्यंत एकाचीच प्लेट उचलायची नाही.

चौथ्या दिवशी केओटी, म्हणजे किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी. इथे घाई करू नका, कारण बहुतेक चुका इथेच होतात. समजा सात नंबरवर चौघं आलेत: एक पनीर टिक्का, एक व्हेज कोल्हापुरी, दोन दाल तडका, त्यातली एक तीन नंबर खुर्चीसाठी जैन, आणि आठ रोट्या. केओटीवर टेबल, माणसं, वेळ आणि जैन डाळीपुढे ‘खुर्ची ३, कांदा-लसूण-बटाटा नाही’ असं स्पष्ट लिहायचं. मग पूर्ण ऑर्डर ग्राहकाला वाचून दाखवायची. टिक्का अर्धा संपला की मेन कोर्स काढायला सांगायचं. रोट्या एकदम आठ आणायच्या नाहीत, दोन-दोन आणायच्या, नाहीतर शेवटची चामड्यासारखी होते.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांत मी ‘एक डाळ जैन’ असं आचाऱ्याला नुसतं तोंडी सांगितलं होतं. काउंटरवर दोन्ही वाट्या सारख्याच दिसत होत्या, आणि लसणाची डाळ जैन आजोबांच्या ताटात गेली. पहिल्या घासाला त्यांनी हात थांबवला. ते मला अजून टोचतं. तेव्हापासून जैन पदार्थाच्या वाटीखाली चिठ्ठी लागतेच, आणि तो पदार्थ टेबलावर सगळ्यात आधी, एकटा जातो. शेंगदाणा किंवा काजू चालत नसलेल्या माणसासाठीही हेच करा. ग्रेव्हीत ते डोळ्यांना दिसत नाहीत.

बिल देण्याआधी केओटीशी ताडून बघायला लावा. मागाहून आलेल्या रोट्या हमखास राहतात.

सातव्या दिवशी त्याला दोन टेबलं द्या आणि लांबून बघा. ट्रे घेऊन आल्यावर “जैन डाळ कुणाची?” असं त्याला विचारावं लागलं, तर चौथा दिवस पुन्हा घ्या.