येगे 'एन' माद्रिद का नाही?

प्रश्न : "स्पॅनिशच्या गृहपाठात 'मी माद्रिदमध्ये पोहोचलो' याचं मी 'येगे एन माद्रिद' केलं. बाईंनी 'एन' खोडून 'आ' लिहिलं. मध्ये म्हणजे एनच ना? आणि वेळ सांगताना आ, एन, दे यांतलं कधी काय घ्यायचं?"

घोटाळा आपल्या '-त, -मध्ये'मुळे होतो. 'मुलगा शाळेत आहे' आणि 'मुलगा शाळेत गेला', दोन्हीकडे आपण शाळेतच म्हणतो. स्पॅनिशमध्ये ही दोन कामं वेगळी आहेत. असणं, राहणं, घडणं असेल तर 'एन' : विवो एन माद्रिद, मी माद्रिदमध्ये राहतो. क्रियापद कुठे नेऊन पोहोचवत असेल तर 'आ', आणि जिथून निघालो तिथे 'दे'. पोहोचणं हा प्रवासाचाच शेवट धरतात, म्हणून येगे आ माद्रिद. या क्रियापदापुढे 'एन' येतो तो बहुधा वाहनासाठी किंवा महिन्या-वर्षासाठी : येगे एन त्रेन, म्हणजे रेल्वेने पोहोचलो.

'आत शिरणे' मात्र दोन्हीकडे झुकतं. स्पेनमध्ये एन्त्रो एन ला कासा जास्त ऐकू येतं, लॅटिन अमेरिकेत एन्त्रो आ ला कासा. यातलं कुठलंच चूक नाही.

अंतर सांगताना हालचाल नसूनही 'आ' लागतो, हे मुद्दाम ध्यानात ठेवा. 'औषधाचं दुकान इथून २ किलोमीटरवर आहे' याचं होतं ला फार्मासिया एस्ता आ दोस किलोमेत्रोस दे आकी. आपल्या '-वर'च्या जागी आ, 'इथून'च्या '-ऊन'साठी दे.

वेळेत घड्याळाला 'आ', महिन्याला आणि वर्षाला 'एन' (एन मार्सो, मार्चमध्ये). वाराला काहीच नाही, नुसतं एल लुनेस, म्हणजे सोमवारी. तिथे एन लावण्याची चूक आपल्याकडून हमखास होते. 'दे'साठी तर मराठीच मदतीला येते. आपण 'सकाळचे ८' म्हणतो, तसंच आ लास ओचो दे ला मान्याना. तासाचा आकडा सांगितला की त्या 'चे'चा दे. नुसतं 'सकाळी' म्हणायचं असेल तर पोर ला मान्याना, स्पेनमध्ये तरी. तिथे दे चालत नाही.

आता हे वाक्य बघा : 'सोमवारी सकाळी ८ वाजता घरातून निघालो आणि १० वाजता ऑफिसात पोहोचलो.'

एल लुनेस साली दे कासा आ लास ओचो दे ला मान्याना इ येगे आ ला ओफिसिना आ लास दिएस.

मराठीत 'सकाळी ८ वाजता' असूनही आकडा आहे म्हणून दे आला, आणि 'ऑफिसात' असूनही पोहोचणं आहे म्हणून आ. अख्ख्या वाक्यात एन एकदाही नाही. पुढे 'दिवसभर ऑफिसातच होतो' लिहा, तिथे मात्र तो येईल : एस्तुवे तोदो एल दिया एन ला ओफिसिना.