नफा वीसपट, भाव सव्वादोनपट: चढ्या पीईचा हिशोब

प्रश्न: कंपनी खरंच चांगली आहे, नफा दरवर्षी वाढतोय, आणि मला दहा वर्षं विकायचंच नाहीये. मग पीई ८० असला, म्हणजे भाव प्रति शेअर नफ्याच्या ८० पट असला, म्हणून काय बिघडलं? जास्त पीईला घेतलं की परतावा कमी मिळतो असं सगळे म्हणतात, पण का ते कुणी नीट सांगत नाही.

उत्तर:

बुडालेल्या कंपनीचं उदाहरण दिलं तर तुम्ही म्हणाल, माझी कंपनी तशी नाही. म्हणून जिच्या कामगिरीत कुणालाही खोट काढता येणार नाही अशीच कंपनी घेऊ: इन्फोसिस, मार्च २००० ते मार्च २०१०.

मी त्या काळात ठाण्यात एका सबब्रोकरकडे खतावण्या सांभाळायचो. मुंबई शेअर बाजाराच्या बोल्ट टर्मिनलमागे माणसं चपला काढून उभी असायची, देवळात असतात तशी. भाव सगळ्यांना तोंडपाठ. ईपीएस, म्हणजे प्रति शेअर नफा किती, हे मात्र त्या खोलीत कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. मीही विचारलं नव्हतं.

३१ मार्च २००० ला कंपनीचं बाजारमूल्य सुमारे ५९,००० कोटी होतं आणि त्या वर्षाचा नफा साधारण २९० कोटी. म्हणजे शेअर ९,००० रुपयांच्या आसपास, प्रति शेअर नफा ४४ रुपये, पीई दोनशेच्या वर. पुढच्या दहा वर्षांत कंपनीने काय केलं? २००९-१० चा नफा ६,२०० कोटींच्या घरात गेला. मधे २००४ मध्ये एकास तीन आणि २००६ मध्ये एकास एक बोनस दिला, त्यामुळे २००० सालचा एक शेअर २०१० मध्ये आठ झाला होता. त्या आठ शेअरांचा मिळून नफा साधारण ८७० रुपये. ४४ चे ८७०, वीसपट! वर्षाला ३५ टक्क्यांची वाढ, तीही सलग दहा वर्षांची सरासरी. तुमच्या कंपनीकडून तुम्ही एवढी अपेक्षा नक्कीच करत नसाल.

आणि भाव? मार्च २०१० ला शेअर २,६०० च्या आसपास होता. गुणिले आठ, साधारण २०,९००. म्हणजे ९,००० चे २०,९००, सव्वादोनपटीच्या जरा वर. वर्षाला नऊ टक्क्यांहून किंचित कमी. लाभांश धरले तर त्यात टक्काभराची भर घाला. त्याच दहा वर्षांत सेन्सेक्स ५,००० वरून १७,५०० वर गेला, साडेतीनपट. नफा वीसपट करणाऱ्या कंपनीचा भागधारक साध्या निर्देशांकाच्या मागे पडला.

बाकीचे पैसे गेले कुठे? कुणी खाल्ले नाहीत. भाव म्हणजे पीई गुणिले प्रति शेअर नफा. नफा वीसपट झाला, पण पीई २०० वरून २४ वर आला, म्हणजे आधीच्या जेमतेम १२ टक्के उरला. वीसचे बारा टक्के केले की २.४ येतात. संपलं गणित. कंपनीने कमावलेलं बहुतेक सगळं तुम्ही २००० साली भावातच आगाऊ मोजून टाकलं होतं, पुढची दहा वर्षं ती उधारी फिटत राहिली.

यातलं एक वर्ष जवळून बघा. २०००-०१ मध्ये कंपनीचा नफा दुपटीहून जास्त झाला, ६२९ कोटींच्या आसपास. आणि ३१ मार्च २००१ ला बाजारमूल्य? सुमारे २७,००० कोटी, निम्म्याहूनही कमी. कंपनीच्या बाजूने यापेक्षा चांगलं वर्ष मागणं कठीण, तरी भाव अर्धा झाला, कारण पीई २०० वरून ४३ वर आला होता. आता ज्याने त्या दिवशी, म्हणजे एक वर्षानंतर, साधारण ४,००० रुपयांना शेअर घेतला, त्याला मार्च २०१० पर्यंतच्या नऊ वर्षांत पाचपट मिळाले, वर्षाला जवळपास २० टक्के. तीच कंपनी, तेच व्यवस्थापन, विकायचा दिवसही तोच. फरक फक्त घेण्याच्या भावाचा. (आणि ४३ पीई काही स्वस्त नव्हता, हेही ध्यानात असू द्या.)

तुम्ही विचाराल, पीई उतरणारच असं कशावरून? ८० चा ८० राहिला तर? या प्रश्नातच खरी गोम आहे. चढा पीई म्हणजे पुढे येणाऱ्या वाढीची किंमत. मार्च २००० मध्ये इन्फोसिसमध्ये साधारण ५,४०० माणसं कामाला होती, मार्च २०१० मध्ये १ लाख १३ हजारांवर. विक्री हजार कोटींच्याही आत होती ती साडेबावीस हजार कोटींच्या पुढे गेली. आता २०१० मध्ये तिला २०० पीई द्यायचा, तर पुन्हा वीसपट वाढीची आशा धरायला हवी. म्हणजे त्याच पद्धतीने काम करायचं तर वीस-बावीस लाख माणसं! २००९-१० ला विक्री जेमतेम पाच टक्क्यांनी वाढली होती. यात कुणाचं काही चुकलं नव्हतं. ज्या वाढीसाठी पीई चढा होता ती वाढ होऊन गेली होती, आणि होऊन गेलेल्या वाढीसाठी बाजार पुन्हा पैसे देत नाही. दहा वर्षांनी तुमचा शेअर घेणारा माणूस त्याच्या पुढची दहा वर्षं बघणार, तुमची मागची नाही.

आता तुमचा ८० घेऊ. समजा, कंपनी दहा वर्षं सलग १८ टक्क्यांनी वाढली. हे फार चांगलं झालं म्हणायचं, नफा सव्वापाचपट. आणि दहा वर्षांनी ती मोठी, स्थिरावलेली कंपनी म्हणून तिला ३० पीई मिळाला. तोही काही कमी नाही. ८० चा ३० झाला म्हणजे ०.३७५ उरले. ५.२३ गुणिले ०.३७५ म्हणजे १.९६. दहा वर्षांत पैसे दुप्पटही नाहीत, वर्षाला सात टक्के. नुसत्या पीईच्या उतरणीने दरवर्षी नऊ टक्क्यांहून जास्त गळती लागली आणि १८ ची निम्म्याहून जास्त वाढ त्यात वाहून गेली. साधा १२ टक्के परतावा हवा असेल तर त्याच गणितात नफा सव्वाआठपट व्हायला हवा, म्हणजे वर्षाला साडेतेवीस टक्के, दहा वर्षं न अडखळता. वाटेत दोन वर्षं जरी माल अडकला, मार्जिन घसरलं, की नफाही कमी आणि पीई आणखी खाली. दोन्ही दोऱ्या एकदम सुटतात. १५ पीईला घेतलेल्या शेअरात अशी निराशा झाली तर दुखतं, पण उतरायला पीईला फारशी जागाच नसते.

‘दहा वर्षं ठेवणार आहे’ हा तुमचा मुद्दा इथे अर्धाच लागू पडतो. वर्ष-दोन वर्षांत पीई काहीच सांगत नाही, ८० चा १२० सुद्धा होतो. ते बघूनच माणसं चढ्या पीईला घाबरणाऱ्यांना येड्यात काढतात, आणि त्या वर्षापुरते ते बरोबरही असतात. दहा वर्षांत मात्र कंपनीची वाढ स्थिरावायला पुरेसा वेळ मिळतो, पण पीईची एवढी घसरण भरून निघायला तो वेळ पुरत नाही. वीस वर्षं ठेवलंत तर ८० ते ३० ही गळती वर्षाला पावणेपाच टक्क्यांच्या आसपास येते. थोडक्यात, मुदत जितकी लांब तितका कंपनीच्या वाढीचा वाटा मोठा, पण दहा वर्षांना घेण्याचा भाव अजून मानगुटीवर असतो.

निर्देशांकातही हेच दिसतं, फक्त मऊ सुरात. ८ जानेवारी २००८ ला निफ्टी ६,२८८ ला बंद झाला, पीई २७-२८ च्या आसपास. दहा वर्षांनी त्याच तारखेला १०,६०० च्या वर, म्हणजे वर्षाला साडेपाच टक्के अधिक थोडा लाभांश. २००८ मध्ये बँकेची एफडी याहून जास्त देत होती. मार्च २००९ मध्ये निफ्टी २,६०० च्या खाली आला, पीई १२-१३ वर होता. तिथून दहा वर्षांत ११,०००, वर्षाला साडेपंधरा टक्क्यांवर. दोन्ही दहा वर्षांतली जवळपास नऊ वर्षं सामाईक आहेत, हे बघा म्हणजे घेण्याच्या भावाचं वजन कळेल.

पण पीईचा आकडा बघून डोळे झाकून पळायचंही नाही. तो फसवतो, विशेषतः खालचा नफा तात्पुरता पडलेला असतो तेव्हा. २०२१ च्या सुरुवातीला निफ्टीचा पीई ४० च्या वर दिसत होता. त्यात लॉकडाऊनचा नफा होता, आणि एनएसई तोवर कंपन्यांचा स्वतंत्र नफा धरत होती, उपकंपन्यांसह एकत्रित नव्हे. मार्चअखेरीस पद्धत बदलली आणि आकडा एका दिवसात ३३ च्या आसपास आला. त्या ४० ला भिऊन बाहेर बसलेल्यांची पुढच्या वर्षांतली तेजी हुकली. पोलाद, साखर अशा चक्रात फिरणाऱ्या धंद्यांत तर उलटंच असतं, नफा तळाला असताना पीई चढा दिसतो आणि तीच कधीकधी घ्यायची वेळ असते. तेव्हा पीई काढताना एकत्रित ईपीएस घ्या आणि शक्यतो एका वर्षाचा नको, पाच-सात वर्षांच्या सरासरीवरही एकदा काढून बघा. तुमचा ८० असाच पडलेल्या नफ्यावरचा असेल तर वरचं सगळं गणित बदलतं.

आणखी एक. इन्फोसिस ही त्या वर्गातली पहिल्या नंबराची मुलगी होती. २००० साली बाजार तशाच हौसेने डीएसक्यू सॉफ्टवेअर आणि सिल्वरलाईनलाही डोक्यावर घेत होता. त्या भागधारकांना नऊ टक्के सोडा, मुद्दलही दिसलं नाही. तेव्हा खोलीत उभं राहून कोणती कोण हे ओळखता येत नव्हतं, आज मागे वळून बघताना येतं.

तुम्ही कंपनीचं नाव लिहिलेलं नाही, म्हणून एवढंच करून बघा. कागदावर आजचा एकत्रित ईपीएस लिहा, दहा वर्षं किती टक्के वाढ धरताय ते लिहा, आणि दहाव्या वर्षी काय पीई मिळेल तेही लिहा. शेवटच्या रकान्यात ८० लिहिलात, तर त्या वर्षी तुमच्याकडून ८० ला घेणारा कोणत्या वाढीच्या आशेवर घेईल, ते शेजारी एका ओळीत लिहा. ती ओळ जमली तर आकड्यांसकट इथे टाका, मग त्या कंपनीबद्दल बोलू.