आजोबांची खुर्ची सरकारजमा झाली

मावशी, नमस्कार.

मी २४ वर्षांचा आहे. चार महिन्यांपूर्वी कॅम्पातल्या एका सरकारी कार्यालयात लिपिक म्हणून रुजू झालो. पहिल्याच दिवशी मिळालेल्या खुर्चीला तीनच पाय होते. मी अर्ज दिला, ‘माझ्याकडील खुर्ची मोडलेली आहे, तरी मार्गदर्शन व्हावे.’ अर्ज पाच टेबलं फिरून आला आणि सोबत मलाच पत्र मिळालं: खुर्ची कोणी व कशी मोडली याचा तीन दिवसांत खुलासा करावा. बसायला जागा नाही, म्हणून हालचाल नोंदवहीत मी रोज ‘जागेवर नाही’ असं लिहून सही करतो. शेवटी घरून आजोबांची शिसवी खुर्ची आणली, तर भांडारपालांनी तिच्या पायावर पांढऱ्या रंगात नंबर घातला. आता ती कार्यालयाची झाली म्हणे. आजी रोज विचारते, खुर्ची कधी आणतोस? माझं चुकलं कुठे?

— उभा, शुक्रवार पेठ

बाळा,

तुझं चुकलं ते पहिल्याच शब्दात. ‘माझ्याकडील.’ घरी हा शब्द साधा आहे. कार्यालयात त्याचा अर्थ ‘वस्तू माझ्या ताब्यात होती’ असा होतो, आणि ताब्यातली वस्तू मोडली की ती कोणी मोडली हा प्रश्न ओघानेच येतो. तू तक्रार लिहायला बसलास आणि लिहून दिलास कबुलीजबाब.

दुसरी चूक ‘मार्गदर्शन व्हावे’ ही. मी एकतीस वर्षं अशाच एका कार्यालयात काढली, शेवटची नऊ अव्वल कारकून म्हणून. ‘मार्गदर्शन व्हावे’ लिहिलेला कागद टेबलावर आला की आम्हाला हायसं वाटायचं. कारण त्यावर निर्णय द्यावा लागत नाही, शेरा मारून पुढे ढकलता येतो. आस्थापनेने लिहिलं असेल, ‘भांडाराचे अभिप्राय घ्यावेत.’ भांडाराने लिहिलं असेल, ‘जुनी खुर्ची जमा झाल्याशिवाय नवीन देता येत नाही.’ जमा करायची तर निर्लेखन हवं, म्हणजे ती वस्तू निकामी झाली असं ठरवून वहीतून कमी करायची. निर्लेखनाला मोडण्याचं कारण लागतं. कारण कोण सांगणार? ज्याच्याकडील ती! म्हणून पत्र तुझ्याकडे. यात कोणी तुझ्यावर डूख धरलेला नाही रे. प्रत्येकाने आपापल्या टेबलापुरतं बरोबरच लिहिलंय.

आता तू म्हणशील, विलंबाविरुद्ध कायदा आहे ना. आहे. बदल्या आणि कामातला विलंब या दोन्हींसाठी महाराष्ट्राचा २००५ चा एकच कायदा आहे. साधी फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असं त्यात म्हटलंय. पण सहाव्या दिवशी ‘चर्चा करावी’ लिहून फाइल परत पाठवली की मोजणी पुन्हा एकपासून. फाइल कुठेच थांबलेली नसते आणि तरी काहीच झालेलं नसतं. एका पंख्याच्या फाइलवर ‘चर्चा करावी’ मी स्वतः चार वेळा लिहिलंय. ज्याच्याशी चर्चा करायची तो माझ्या समोरच्या टेबलावर बसून डबा खात होता. आज त्याची लाज वाटते. तेव्हा फक्त उकडत होतं.

तर आधी खुलासा. तीन दिवसांची मुदत पाळ. ‘क्षमस्व’, ‘अनवधानाने’, ‘यापुढे काळजी घेईन’ यातलं एकही अक्षर लिहू नकोस. हे शब्द घरी शोभतात, फाइलमध्ये ते पुरावा होतात. चिडूनही लिहू नकोस. चार वाक्यं पुरेत: अमुक दिनांकास रुजू झालो. त्या दिवशी टेबलाजवळ असलेल्या खुर्चीचा एक पाय आधीच तुटलेला होता. सदर खुर्ची मला यादीने किंवा सहीने ताब्यात दिलेली नाही. अर्जातील ‘माझ्याकडील’ हा शब्द ‘माझ्या टेबलाजवळील’ असा वाचावा. शेवटचं वाक्य वाचून हसतील, हसू देत. खाली सही आणि तारीख. आवक शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घे. शिक्का नसेल तर तू खुलासा दिलाच नाहीस, असं समज.

पण हे लिहिण्याआधी जडवस्तू संग्रह नोंदवही बघून घे. भांडारपालांकडे गोड बोलून मागायची, चहाच्या वेळी. त्यात मोडक्या खुर्चीचा नंबर शोध. ती कधी घेतली आणि कोणाला दिली हे तिथे असायला हवं. ती तुझ्या आधीच्या माणसाच्या नावावर असेल तर खुलाशात नोंदवहीचं पान आणि अनुक्रमांक घाल, नाव घालू नकोस. तो माणूस निवृत्त होऊन पेन्शनची वाट बघत असेल, त्याला कशाला अडकवायचं?

मग नवीन खुर्चीची टिपणी, आणि तीत एकही प्रश्न नको. ‘खुर्ची क्रमांक अमुक वापरण्यायोग्य नाही. ती भांडारात जमा करून शिल्लक खुर्च्यांपैकी एक देण्यास मान्यता असावी. मान्यतेस्तव सादर.’ ‘शिल्लक’ हा शब्द महत्त्वाचा. नवीन खरेदी म्हटलीस की फाइल लेखा शाखेत जाते, आणि तिथे ‘तरतूद आहे काय?’ हा शेरा वाटच बघत असतो. कुठल्या खोलीत जादा खुर्ची आहे ते आधी शिपायाला विचार. तुमच्या साहेबांपेक्षा त्याला जास्त माहीत असतं. वरच्याला फक्त ‘होय’ लिहून सही करता यावी, एवढीच टिपणीची कला.

हालचाल नोंदवहीत ‘जागेवर नाही’ लिहिणं आजपासून बंद कर. ती वही कार्यालयाबाहेर किंवा दुसऱ्या शाखेत जाण्यासाठी असते. टेबलाशी उभा असलेला माणूस जागेवरच असतो. तू स्वतःच्या सहीने रोज गैरहजेरी नोंदवतोयस.

आता आजी.

जडवस्तूच्या नोंदीला वस्तू कुठून आली याचा काहीतरी कागद लागतो. विकत घेतली असेल तर देयक, दुसऱ्या कार्यालयाकडून आली असेल तर हस्तांतरणाचं पत्र. तुझ्या खुर्चीचं देयक नाही. भांडारपालांनी रकाना भरायचा म्हणून ‘देणगी’ लिहिलं असेल, तर तुझं देणगीपत्र कुठे आहे आणि देणगी स्वीकारल्याचा आदेश कुठे आहे? दोन्ही नसणार. तेच तुझ्या अर्जात लिही: खुर्ची खाजगी मालकीची असून तात्पुरत्या वापरासाठी आणली होती. कोणताही खरेदी अथवा देणगीचा कागद नसताना नोंद चुकीने झाली आहे, तरी नोंद रद्द करून खुर्ची परत मिळावी. नोंद रद्द झाली म्हणजे त्या ओळीवर आडवी रेघ आणि शेजारी अधिकाऱ्याची तारखेसह सही. भांडारपालांनी पान फाडतो म्हटलं तर हात जोड आणि थांबव. फाटलेलं पान सापडलं तर तुझी खुर्ची राहील बाजूला आणि दोघांवर चौकशी बसेल.

हे सगळं मार्चच्या आत उरक. वर्षअखेरीला वस्तूंची प्रत्यक्ष पडताळणी करतात आणि यादी खोलीतल्या वस्तूंशी जुळवतात. एकदा आजोबांची खुर्ची ‘आढळली’ म्हणून टिकमार्क झाली की पुढच्या वर्षी ती न आढळणं हा गुन्हा ठरतो. मग ती परत मागणारा तू संशयित.

आदेश हातात आल्यावर खुर्ची बाहेर काढताना दारावर त्याची प्रत दाखव आणि ‘खुर्ची १ नग मिळाली’ अशी पोच भांडारात देऊन ये. त्याआधी तो नंबर खरवडायला जाऊ नकोस. आजीने चिंचेने घासते म्हटलं तरी नाही. घरी आल्यावर टर्पेंटाइनचा बोळा हलकेच फिरव, आणि आधी पायाच्या आतल्या बाजूला लावून बघ. शिसवीचं जुनं पॉलिश त्याने उतरू शकतं, आणि तो खुलासा मग तुला आजीला द्यावा लागेल.

— मावशी