छोले भिजवायला विसरलेल्यांसाठीचा व्हिडिओ

प्रश्न: मी स्वयंपाकाचे दीड-दोन मिनिटांचे व्हिडिओ करते. "रात्री छोले भिजवायला विसरलात? तासाभरात भिजवा" असा एक करायचाय. स्क्रिप्ट कशी लिहू, म्हणजे करून बघणाऱ्याचं फसणार नाही आणि कुठे फसेल तेही सांगता येईल?

उत्तर: हाच व्हिडिओ मी केला होता आणि पहिल्यांदा तो माझ्याच नणंदेकडे फसला. मी वापरले होते नुकतेच आणलेले काबुली चणे आणि नळाचं पाणी. तिच्याकडे डब्याच्या तळाशी राहिलेले जुने चणे आणि बोअरचं पाणी. कुकरमधून निघाले ते दाताखाली करकरणारे. फोनवर म्हणाली, "वहिनी, तुझ्या व्हिडिओत हे कुठेच नव्हतं!" खरंच नव्हतं.

युक्ती तशी चांगली आहे. एक वाटी चणे निवडून धुवायचे आणि चार वाट्या पाण्यात घालून पाणी खळखळून उकळू द्यायचं. दोन-तीन मिनिटं उकळलं की गॅस बंद करून घट्ट झाकण ठेवायचं आणि तासभर हात लावायचा नाही. गरम पाणी सालातून लवकर आत शिरतं, म्हणून रात्रभराचं काम तासावर येतं. मग ते पाणी टाकून द्यायचं आणि ताज्या पाण्यात कुकरला लावायचे. शिट्टी झाली की मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरू द्यायची.

म्हणजे सगळं धरून जवळपास दोन तास होतात. म्हणून "तासाभरात छोले" असं लिहू नका, "तासाभरात भिजवा" हे तुमचं शीर्षकच बरोबर आहे. सुरुवातीलाच मोजून सांगा: वाचते ती रात्र, शिजवायचा वेळ वाचत नाही. झाकण ठेवताना भिंतीवरचं घड्याळ फ्रेममध्ये घ्या आणि उघडताना पुन्हा घ्या. मधला तास कापला तरी चालतो, पण कापलाय हे दिसलं पाहिजे.

इशारा कुठे ठेवायचा यावर माझं ठाम मत आहे. बहुतेक जण तो शेवटी टाकतात, पण तिथवर बघणारा थांबतच नाही. गॅस पेटवण्याआधी दोन वाक्यं बोला. माझ्या दुसऱ्या खेपेच्या स्क्रिप्टमधली जशीच्या तशी देते:

"चणे वर्षभरापेक्षा जुने असतील तर ही युक्ती सोडा, रात्रभरच भिजवा. पाणी बोअरचं असेल तर भिजवताना चिमूटभर खायचा सोडा घाला, जास्त नको, नाहीतर लगदा होतो आणि साबणासारखी चव येते."

कारण एका वाक्यात सांगायचं तर, जड पाण्यातलं कॅल्शियम चण्याला चिवट करतं. टोमॅटो-चिंचेचा आंबटपणाही तेच करतो, म्हणून ग्रेव्हीत चणे शिजल्यावरच घालायचे. व्हिडिओत मात्र हे विज्ञान लांबवू नका. हवं तर व्हिडिओखालच्या मजकुरात टाका.

सगळ्यात महत्त्वाचा शॉट आहे तासानंतरचा. एक चणा उचलायचा, सुरीने मधोमध कापायचा आणि कॅमेऱ्याजवळ धरायचा. आतून सगळीकडे एकसारखा रंग असेल तर भिजला. मधे पांढरट, कोरडा ठिपका दिसला तर पाणी आतपर्यंत पोचलेलं नाही. असा ठिपका असलेला चणाही मुद्दाम दाखवा. मी जुन्या डब्यातले चणे घेऊन हा शॉट वेगळा घेतला, सव्वा तास गेला, पण व्हिडिओतला हाच भाग लोकांना लक्षात राहिला. यावर संवाद असा: "असा ठिपका दिसला तर पाणी पुन्हा एक उकळी आणून अर्धा तास झाकून ठेवा. तरीही तसाच असेल तर आज मुगाची आमटी करा."

आता एक गोष्ट जी स्क्रीनवर मोठ्या अक्षरात यायलाच हवी, कारण चण्यांवरून लोक सरळ राजम्यावर उडी मारतात. राजम्यात एक विषारी द्रव्य असतं. अर्धवट शिजलेले चार-पाच दाणे खाल्ले तरी उलट्या-जुलाब होऊ शकतात. भिजवलेलं पाणी टाकून ताज्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळून उकळलं की ते नष्ट होतं. कुकरमध्ये तर उष्णता याहून जास्त असते. गोत्यात येतात ते परदेशातले आपले लोक, जे मंद आचेच्या इलेक्ट्रिक भांड्यात राजमा दिवसभर ठेवून कामाला जातात. ती उष्णता उकळीपर्यंत पोचलीच नाही तर विष वाढल्याचंही आढळलंय. त्यामुळे "शिजला का बघू" म्हणून कच्चट राजमा चावून बघायचा नाही, बोटाने दाबून बघायचा.

मी हे एकाच ओळीत ठेवलं: "हा व्हिडिओ छोल्यांचा आहे, राजम्यासाठी नाही." राजम्याचा मग वेगळा केला, त्यात घड्याळ पूर्ण वेळ कोपऱ्यात चालू ठेवलं होतं.